कावळा शिवला नाही, आणि आई अजून दार उघडून बघते

ताई, माझे बाबा संक्रांतीनंतर गेले. पहाटे हार्ट अटॅक आला. मी उद्यमबागला नाइट शिफ्टला होतो. खानापूरला घाटावर दहाव्याला कावळा दीड तास शिवला नाही, शेवटी दर्भाचा करून शिवून घेतला. तेव्हापासून आई एकच म्हणते, त्यांचं काहीतरी राहिलंय. संध्याकाळी सातला गाडीचा आवाज आला म्हणते आणि दार उघडून बघते. बाबांची खोली बंद ठेवलीय, कुणाला आत जाऊ देत नाही. आठ महिने झाले. रडत नाही, कुठं जात नाही, जेवणसुद्धा पोरांनी हट्ट केला तर. गौरीला गल्लीतल्या कुणी बोलावलंही नाही. मावशी म्हणते देवऋष्याकडे ने, मित्र म्हणतो मानसोपचारवाल्याला दाखव. पंधरवडा लागला की म्हाळाचंही बघायला पाहिजे. काय करू?
— एक मुलगा, वडगाव, बेळगाव

दादा, आधी गाडीच्या आवाजाचं सांगते, कारण मला वाटतं मित्र आणि मावशी दोघंही त्यालाच घाबरलेत.

१९७१ साली वेल्समधल्या ड्यूई रीस नावाच्या डॉक्टरांनी आपल्या भागातल्या जवळजवळ तीनशे विधवा-विधुरांशी बोलून एक लेख छापला. गेलेला जोडीदार जवळ असल्यासारखा वाटतो, दिसतो किंवा ऐकू येतो, असं त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांनी सांगितलं. बहुतेकांनी तोवर हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. लोक काय म्हणतील हीच भीती, जी आपल्याकडेही असते. तीस-पस्तीस वर्षं रोज संध्याकाळी सातला एकाच गाडीची वाट बघितलेल्या माणसाचे कान सातला आपोआप तयार होतात. गल्लीत कुणाचीही गाडी वळली की अर्धा आवाज बाहेरून येतो आणि अर्धा आतून भरला जातो. आई दार उघडते, कुणी नाही हे बघते आणि परत आत येते ना? तसं असेल तर एवढ्यावरून हे वेड नाही. काळजी कधी करायची? ते खरोखर जिवंत आहेत, कुणीतरी लपवून ठेवलंय, असं ती ठासून म्हणायला लागली, किंवा तो आवाज तिला काही करायला सांगू लागला, तर. तेव्हा एक दिवससुद्धा थांबायचं नाही.

आता कावळा. मी काही शास्त्री नाही, पण घाटावर बऱ्याचदा उभी राहिले आहे, आणि कावळ्यांची बाजूही मांडायला हवी असं मला नेहमी वाटतं. कावळा नव्या वस्तूला बिचकतो, आणि वीस-पंचवीस माणसं टक लावून बघत उभी असली की जास्तच बिचकतो. त्यात एका सकाळी एकाच घाटावर चार-पाच घरांचे दहावे असले तर पहिल्या दोन पिंडांवरच त्याचं पोट भरतं, मग तो झाडावर बसून बघत राहतो. आपण इकडे हात जोडून कबूल करत असतो, धाकट्याचं लग्न करतो, विहिरीची मोटर बसवतो, बहिणीला अंतर देत नाही. ही कबुली मला या सगळ्या विधीतली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. गेलेल्या माणसाच्या राहिलेल्या कामांची यादी घरातली माणसं मोठ्यानं, सगळ्यांसमोर म्हणतात, असा प्रसंग एरवी कधी येतो? पण शिवला नाही म्हणून माणूस अतृप्त गेला, हे पुढचं पाऊल टाकायची गरज नाही. दर्भाचा कावळा करून शिवायची रीत आहेच ना? कावळा कधीकधी येत नाही हे ज्यांनी रीत घातली त्यांनाही माहीत होतं, म्हणून त्यांनी वाट ठेवली. तुमच्या बाबांचा दहावा पुरा झाला. हे आईला तुम्ही सांगून पटणार नाही, मी सांगूनही नाही. तुमच्या घरी कार्य केलेल्या भटजींना बोलवा आणि त्यांच्या तोंडून तिला ऐकू दे.

तेवढ्यानं ती मोकळी झाली तर उत्तमच. पण माझा अनुभव असा, की ‘त्यांचं काहीतरी राहिलंय’ म्हणणाऱ्या माणसाच्या मनात बऱ्याचदा गेलेल्याचं नव्हे, स्वतःचं काहीतरी राहिलेलं असतं. एक उदाहरण सविस्तर सांगते. ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

अनगोळकडच्या एक काकू, वय साठच्या आत. नवरा पहाटे छातीत दुखून गेला, त्यांच्याही दहाव्याला कावळा उशिरा शिवला. मुलगी त्यांना माझ्याकडे घेऊन आली तेव्हा सात महिने झाले होते. अकरा किलो वजन उतरलं होतं. नवऱ्याची खुर्ची ज्या बाजूला होती त्या बाजूला त्या बघायच्यासुद्धा नाहीत, आणि ज्या रस्त्यानं त्याला दवाखान्यात नेलं तो रस्ता चुकवायला रिक्षावाल्याला लांबून न्यायला सांगायच्या. पहिल्या दोन भेटींत फक्त कावळाच बोलत होता. तिसऱ्या वेळी मी विचारलं, ‘काकू, तुम्हाला काय वाटतं, काय राहिलंय त्यांचं?’ बराच वेळ गप्प बसल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, ‘पाचला जळजळ होतंय म्हणाले. मी सोडा दिला. म्हटलं, पडा जरा. साडेसहाला घाम फुटला.’

सात महिने हे वाक्य त्या घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. मुलीला वाटत होतं आई बाबांसाठी झुरतेय. झुरत होत्याच, पण त्याच्याखाली हा सोडा होता.

इथं नातेवाईक घाई करतात. ‘तुझी काय चूक, त्यांचं आयुष्यच तेवढं होतं’ म्हणून विषय मिटवतात. मी तसं म्हटलं नाही, कारण ते पूर्ण खरं नाही आणि काकूंनाही ते कळत होतं. हृदयाच्या झटक्यात वेळेला किंमत असतेच. आम्ही कागदावर पाच ते साडेसहापर्यंतचा वेळ मांडला. पाचला त्यांना काय दिसलं, काय ठाऊक होतं? आदल्या रात्री जेवण तिखट झालं होतं, असली जळजळ आधी दहा वेळा झाली होती आणि दहाही वेळा सोड्यानं गेली होती. घाम फुटल्यावर त्यांनी शेजाऱ्याला हाक मारायला दोन मिनिटंसुद्धा लावली नव्हती. साडेसहाला जे कळलं ते पाचच्या बाईला माहीत नव्हतं. लवकर नेलं असतं तर वाचले असते का? कदाचित. या ‘कदाचित’सोबत जगायला त्यांना शिकायचं होतं. ते पुसून टाकणं माझ्या हातात नव्हतं.

पुढची पद्धत साधारण अशी असते. आठवड्याला एक बैठक, एकूण पंधरा-सोळा. डोळे मिटून त्या पहाटेची हकिकत पहिल्यापासून, ‘आता हे होतंय’ अशी सांगायची. ती मोबाइलवर रेकॉर्ड करायची आणि घरी रोज एकदा ऐकायची. पहिल्या आठवड्यात काकूंनी ती दोनदाच ऐकली, तिसऱ्या दिवशी फोन उशीखाली ठेवून दिला. हे चालतं. सोबत टाळलेल्या गोष्टी एकेक करून परत घ्यायच्या, आधी सोप्या. खुर्चीकडे बघणं, मग खुर्ची पुसणं, मग तिच्यावर बसणं, सगळ्यात शेवटी तो रस्ता. आणि दहाव्या-अकराव्या बैठकीला नवऱ्याशी बोलणं. समोर तो बसलाय असं धरून जे म्हणायचं ते म्हणायचं, आणि मग त्याच्या बाजूनं उत्तरही आपणच द्यायचं. काकूंनी नवऱ्याच्या वतीनं काय उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही. पण त्यानंतर पंधरा दिवसांनी त्यांनी स्वतःहून बाजारात जाऊन मेथी आणली, असं मुलीनं फोन करून सांगितलं.

हे सगळ्यांना लागत नाही. बहुतेक घरांत दुःख कुणाच्याही मदतीशिवाय मवाळ होतं, आणि आपल्या रीती त्याला हातभार लावतात. तिसऱ्या दिवशीचं रक्षाविसर्जन, शेजारून येणारं पिठलं-भाकरी, दहावा, बारावा, तेराव्याचं गोड जेवण. पहिले तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं आणि प्रत्येकाच्या हाताला काम असतं. खरी पोकळी चौदाव्या दिवशी सकाळी जाणवते, चहाला एक कप कमी लागतो तेव्हा. त्यानंतरचे दोन-तीन महिने झोप उडणं, घास न उतरणं, छाती भरून येणं, गॅसवर दूध ठेवून विसरणं, विनाकारण पोरांवर खेकसणं, मध्येच टीव्हीवर काहीतरी बघून हसू येणं आणि हसल्याचीच लाज वाटणं, हे सगळं होतं. दुःख पाच पायऱ्यांनी उतरतं असं फॉरवर्ड तुम्हालाही आलं असेल. त्या पायऱ्या मुळात १९६९ साली मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडल्या होत्या. मागं राहिलेल्यांना वेळापत्रक म्हणून त्या लावू नका. माणूस एक दिवस रडतो, दुसऱ्या दिवशी वीजबिल भरायला जातो, तिसऱ्या दिवशी परत रडतो. हे असं आत-बाहेर चालू असलं की मी निर्धास्त असते.

तुमच्या आईच्या बाबतीत ही ये-जा मला पत्रात दिसत नाही, म्हणून मी थांबू नका म्हणते. दुःख लांबून आजाराच्या हद्दीत गेलं असं म्हणायला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत निदान सहा महिन्यांची अट आहे, आणि अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत मोठ्या माणसांसाठी बारा महिन्यांची. पण नुसते महिने मोजून काही ठरत नाही. गेलेल्याची ओढ किंवा त्याचाच विचार जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ राहतो का? त्यामुळं जेवण, घर, माणसं सुटली आहेत का? आणि हे आपल्या समाजातल्या रीतीपलीकडचं आहे का? हा तिसरा प्रश्न मला फार उपयोगी वाटतो. वर्षाच्या आत सण केला नाही, गोडधोड केलं नाही, लग्नाला गेली नाही, ही रीत झाली. ती कुणी आजार म्हणून लिहायची नाही. पण पोरांनी हट्ट केला तरच जेवते, सातच्या एका आवाजापलीकडे कशातच जीव नाही, हे कुठल्याही घरच्या रीतीत बसत नाही. बंद खोलीही त्यातच धरा. वस्तू जपून ठेवणं वेगळं आणि खोलीचं दार उघडायचीच भीती वाटणं वेगळं.

गौरीला बोलावलं नाही याची जबाबदारी मात्र आईच्या मनावर टाकू नका. ती गल्लीची आहे. ‘कुठं जात नाही’ म्हणताना तिला जायला जागा किती उरलीय तेही बघा. इथून फार लांब नाही, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ च्या मे महिन्यात कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे प्रकार बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं बाकीच्या गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. वडगावात ठरावाची वाट बघत बसू नका. तुमच्या बायकोनं पुढच्या हळदीकुंकवाला सासूला शेजारी बसवून घेतलं तरी पुष्कळ फरक पडेल.

सुरुवात मानसोपचारापासून करू नका, फॅमिली डॉक्टरपासून करा. ‘तुझं जेवण कमी झालंय, तपासून येऊ’ म्हटलं की आई येईल, आणि ते खोटंही नाही. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून घ्या, कारण अशा महिन्यांत रोजच्या गोळ्या चुकतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. छातीत दुखतंय म्हणाली तर दुःखामुळं असेल असं समजून सोडू नका, ईसीजी काढा. मेडिकलमधून किंवा शेजारणीकडून झोपेची गोळी मात्र आणू नका. ती चार रात्री झोप देते, पण मग तिच्याशिवाय झोप येईनाशी होते.

त्यानंतर बेळगावातल्या जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. अवघड वाटलं तर धारवाडची सरकारी मानसोपचार संस्था आहे, तिथं सकाळी बसनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. डॉक्टरांना तारखा सांगा. बाबा कधी गेले, वजन किती होतं आणि किती झालं, झोप किती वाजता लागते, शेवटची स्वतःहून बाहेर कधी गेली. सोबत उदासीनतेचा आजार असला तर गोळ्या देतील आणि त्यांचा उपयोगही होईल. ओढ आणि अपराधीपणावर मात्र गोळी काम करत नाही, तिथं बोलणंच लागतं. म्हणून समुपदेशन कोण करतं हे त्याच दिवशी विचारा, आणि एक गोष्ट संकोच न करता विचारा: मराठीत बोलणारं कुणी आहे का? आपल्या आया बाजारात कन्नड छान बोलतात, भाजी घासाघीस करून घेतात. पण ‘मी सोडा दिला’ हे वाक्य माणूस ज्या भाषेत आईशी बोलला त्याच भाषेत बाहेर पडतं. घरून बोलायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आणि चोवीस तास चालू असतो, त्यावर भाषा निवडता येते.

काही गोष्टी दिसल्या तर सहा महिने सोडाच, एक दिवसही थांबायचं नसतं. ‘मला पण घेऊन जावं त्यांनी’ असं बोलणं, अन्नपाणी सोडणं, गोळ्या साठवून ठेवणं, दागिने वाटून टाकणं. असं काही दिसलं तर सरळ विचारा, ‘आई, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का तुला?’ विचारल्यानं डोक्यात नवीन काही शिरत नाही, उलट बऱ्याचदा माणूस सुटल्यासारखा रडतो. हो म्हणाली तर तिला एकटी ठेवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि घरात शेताचं औषध असेल तर ते आधी बाहेर काढा.

मावशीशी भांडू नका. देवऋषी अंगारा देऊन, नारळ फोडून परत पाठवत असेल तर तुमच्या चालू उपचाराला त्यानं धक्का लागत नाही. पण गोळ्या बंद करा म्हणाला, धुरी देऊन मारझोड करायला लागला, बाबा अडकलेत म्हणून हजारो रुपये मागितले, तर उठून या. माणसाला इजा करणाऱ्या अशा अघोरी प्रकारांविरुद्ध कर्नाटकात २०१७ चा कायदा आहे. मावशीला तोच सांगा, माझं नाव सांगू नका.

म्हाळाचं. पहिल्या वर्षात म्हाळ घालायचा, भरणीला करायचं, की वर्षश्राद्धापर्यंत थांबायचं, हे घरोघरी वेगळं असतं. भटजी कावळ्याचं सांगायला येतील तेव्हा हेही विचारून घ्या. जे ठरेल त्या दिवशी स्वयंपाकात बाबांच्या आवडीचं काय करायचं ते आईला ठरवू द्या आणि तिच्या हातानं करू द्या, सुनेनं पुढं होऊन उरकू नये. पानावर वाढून झालं की तिला एकटीला पाच मिनिटं तिथं बसू द्या. खोली त्या दिवशी उघडली तर उघडली. कपडे वाटायची, कपाट रिकामं करायची घाई कुणी करायची नाही. ते तिच्या हातानं, तिच्या वेळी.

आणि दादा, एवढ्या पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एकच वाक्य लिहिलंत, नाइट शिफ्टला होतो एवढंच. केस काढून पिंड तुम्हीच दिलात, कावळ्यासमोर दीड तास हात जोडून तुम्हीच उभे होतात, आणि बहुतेक चौदाव्या दिवशी परत कामाला लागलात. बायका दुःखात गप्प झाल्या की घराच्या लक्षात तरी येतं. पुरुष ओव्हरटाइम मागून घेतात, किंवा सुटल्यावर थेट घरी येत नाहीत, आणि लोक म्हणतात पोरानं घर सावरलं. तुमचं यातलं काही चाललंय का ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत असेल. संध्याकाळी सातला घरी असाल त्या दिवशी आई दाराकडे निघाली की तुम्हीही उठा. थांबवू नका, समजावू नका, तिच्याबरोबर दारात उभे राहा. गल्ली रिकामी आहे हे दोघांनी बघितलं, की मग तिथंच उंबऱ्यावर बसून तिला सांगा, त्या रात्री फोन आला तेव्हा तुम्ही मशीनवर कुठलं काम करत होतात, किती वाजले होते, आणि घरी पोहोचेपर्यंत वाटेत तुमच्या मनात काय काय आलं. तिला पहाटेची तिची बाजू ठाऊक आहे. तुमची तिनं अजून ऐकलेली नसावी.